पंधराव्या दिवशीची नाडी: शस्त्रक्रियेनंतर अचानक लागलेल्या धापेचं एक प्रकरण

मी फिजिशियन आहे. हे प्रकरण आमच्या विभागात आलं तेव्हा ड्युटीवर मीच होते, आणि यातला एक उशीर माझ्याही खात्यावर आहे. रुग्णाची आणि तिच्या घरच्यांची संमती घेऊन, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते इथे मांडते आहे. औषधांचे डोस आले आहेत ते त्या रुग्णाला काय दिलं हे सांगण्यापुरते. ते पाहून कोणी स्वतःच्या मनाने औषध घेऊ नये.

पार्श्वभूमी

४४ वर्षांची बाई. पायरीवरून पाय मुरगळून डावा घोटा मोडला. प्लेट आणि स्क्रू बसवून शस्त्रक्रिया झाली, ती नीट पार पडली. गुडघ्याखाली प्लास्टर, सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही असं सांगून तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. घरी दिवस असा जायचा: पलंग, उशीवर उंच ठेवलेला पाय, आणि वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत दिवसातून चार-पाच फेऱ्या.

डिस्चार्जच्या कागदावर वेदनाशामक गोळी, प्रतिजैविक, कॅल्शियम आणि टाके काढायची तारीख होती. तिचं वजन ७० किलो, रक्तदाब नेहमीचा १३० च्या आसपास, मधुमेह नाही, हृदयाचा आजार नाही. त्यामुळे ती 'कमी जोखमीची' मानली गेली आणि रक्तात गुठळी होऊ नये यासाठीचं इंजेक्शन किंवा गोळी दिली गेली नाही. गुडघ्याखालच्या प्लास्टरमध्ये प्रत्येकाला असं औषध द्यावं की नाही, यावर डॉक्टरांमध्ये खरोखरच मतभेद आहेत. सर्वसाधारण उत्तर हेच की माणसागणिक जोखीम पाहून ठरवावं. अडचण तिथेच होती. जोखीम मोजताना एक गोष्ट कोणी विचारलीच नव्हती. पाळीत फार रक्त जातं म्हणून ती सात महिन्यांपासून इस्ट्रोजेन असलेली संयुक्त हार्मोनची गोळी घेत होती. ती गोळी 'बायकांच्या डॉक्टरांची', हाडांच्या डॉक्टरांना काय सांगायची, असं तिला वाटलं. 'आणखी काही औषध चालू आहे का?' या प्रश्नाला तिने 'नाही' म्हटलं आणि विषय संपला.

इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याकडे झुकतं. शस्त्रक्रियेने शरीर त्याच दिशेला आणखी ढकललं जातं. आणि प्लास्टरमधली पोटरी आखडत-सैलावत नाही, म्हणून शिरांमधलं रक्त वर ढकललं जात नाही, साचून राहतं. तिन्ही गोष्टी एकाच पायात एकत्र आल्या होत्या.

समस्या: सकाळी पावणेआठ

अकराव्या दिवसापासून ती म्हणत होती, 'प्लास्टर पोटरीला आवळतंय.' सूज असेल म्हणून पाय आणखी एक उशी घालून उंच केला गेला. प्लास्टरच्या आत काय चाललंय ते दिसायची सोय नव्हती.

पंधराव्या दिवशी सकाळी ती बाथरूमहून परतली आणि पलंगाच्या कडेला बसली ती बसूनच राहिली. एकदम धाप लागली होती, छातीत धडधडत होतं. मुलगी १९ वर्षांची, तिने आईच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावून नाडी मोजली: मिनिटाला १२२. अर्ध्या तासाने, आई आडवी झाल्यावर, १०६. घरात पल्स ऑक्सिमीटर होता. त्यात ऑक्सिजन ९४ टक्के.

त्या मुलीने तीन गोष्टी अगदी बरोबर केल्या. नाडी स्वतः मोजली, विश्रांतीनंतर पुन्हा मोजली, आणि वेळेसकट कागदावर लिहून ठेवली. तो कागद पुढे आम्हाला कुठल्याही तपासणीइतका उपयोगी पडला.

सव्वाआठला तिने क्लिनिकला फोन लावला. फोन उचलणाऱ्या मदतनिसाने विचारलं, 'ऑक्सिजन किती आहे?' '९४.' 'मग काळजी नाही. पंधरा दिवस पडून आहेत, अशक्तपणा असणारच. भरपूर पाणी द्या, जास्तच वाटलं तर उद्या दाखवायला आणा.'

दुपारी एकला ती पुन्हा बाथरूमला उठली. दारापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली, वॉकर सुटला, मुलीने सावरलं म्हणून पडली नाही. मग मात्र कोणाला विचारत न बसता त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. दोन वाजून दहा मिनिटांनी ती आमच्या कॅज्युअल्टीत होती.

पहिला निर्णय: फोनवर

त्या मदतनिसाला दोष देऊन प्रकरण मिटत नाही. त्याच्याकडे आकडा एकच होता आणि तो 'बरा' होता. खरी चूक त्या आकड्यावर विसंबण्यात होती, आणि ती का होते हे जरा सविस्तर सांगायला हवं.

पायातल्या शिरेतली गुठळी सुटली की ती वर जाते, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकते. यालाच पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. काही वाटा बंद झाल्या तरी उरलेल्या वाटांतून रक्त जात राहतं आणि श्वासाचा वेग वाढवून शरीर ऑक्सिजन बराचसा सांभाळून घेतं. त्यामुळे बोटावरचा आकडा सुरुवातीला ९४, ९५, अगदी ९७ सुद्धा असू शकतो.

जे लगेच बदलतं ते हृदयाचं काम. वाट अडल्यामुळे उजव्या बाजूला जोर लावावा लागतो, ती फुगते, आणि डाव्या बाजूकडे पोहोचणारं रक्त कमी होतं. आराम करतानाही शरीराला मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त लागतं. एका ठोक्याला ७० मिलिलिटर बाहेर पडत असेल तर ७२ ठोक्यांत भागतं. तोच ठोका ४५ मिलिलिटरवर आला तर तेवढंच रक्त फिरवायला ११० च्या पुढे ठोके लागतात. म्हणजे त्या मुलीने मनगटावर मोजलेला आकडा हा हृदयाने चालवलेल्या भरपाईचा आकडा होता. रक्तदाब त्या भरपाईच्या जोरावर टिकून असतो. तो घसरतो तेव्हा भरपाई संपत आलेली असते. म्हणूनच 'बीपी ठीक, ऑक्सिजन ठीक, नुसती नाडी जलद' हे वाक्य शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाबद्दल ऐकलं की मला दिलासा वाटत नाही.

फोनवर दोन प्रश्न पुरले असते. धाप कधी सुरू झाली, हळूहळू की एकदम? आणि शांत पडून पंधरा मिनिटं झाल्यावर नाडी किती? अशक्तपणाने चालताना धाप लागते, पण ती 'पावणेआठला' सुरू होत नाही. अशक्तपणाला घड्याळातली वेळ सांगता येत नाही. गुठळीला पुष्कळदा सांगता येते.

दुसरा निर्णय: कॅज्युअल्टीत

आल्यावर नाडी ११८, नियमित. श्वास मिनिटाला २६. रक्तदाब १०८/७२. ऑक्सिजन ९३. ताप ९९.२. ती पूर्ण वाक्य बोलू शकत होती, पण प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती.

जलद नाडी आणि नेहमीपेक्षा कमी रक्तदाब पाहून कनिष्ठ डॉक्टरांनी सलाईन जोरात सुरू केलं होतं. शरीरातलं पाणी कमी झालं असेल हा त्यांचा अंदाज. ईसीजीत नाडी जलद, बाकी विशेष काही नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ.

शस्त्रक्रियेनंतर नाडी जलद व्हायची कारणं पुष्कळ असतात, आणि बहुतेक वेळा ती गुठळी नसते. वेदना, ताप, रक्त कमी होणं, जखमेत जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, भीती. बोटांखाली नाडी वेडीवाकडी, एका तालात नसलेली लागली तर एट्रियल फिब्रिलेशन हेही एक कारण. मीही याच क्रमाने विचार केला आणि म्हटलं, हिमोग्लोबिन येऊ दे, मग पुढचं ठरवू. रिपोर्ट यायला ४० मिनिटं लागली. हिमोग्लोबिन ११.२ होतं, म्हणजे तिच्या धापेचं कारण ते नव्हतंच. त्या ४० मिनिटांत मला जे कळायला हवं होतं ते आधीच समोर होतं: स्वच्छ एक्स-रे. न्यूमोनिया असता, फुप्फुसात पाणी असतं, फुप्फुसाचा भाग मिटला असता तर एक्स-रेत बहुधा काहीतरी दिसलं असतं. इतकी धाप आणि फुप्फुसं स्वच्छ, हा विरोधाभास हाच संशयाचा मोठा आधार होता. मी त्या चित्राकडे 'काही नाही' म्हणून पाहिलं.

तेवढ्यात मुलीने तो कागद पुढे केला आणि म्हणाली, 'मॅडम, आई चार दिवस पोटरी दुखते म्हणत होती. आणि ती पाळीची एक गोळी घेते, ती कोणी लिहूनच घेतली नाही.'

पर्याय आणि त्यांचं वजन

कनिष्ठ डॉक्टर म्हणाले, 'मॅडम, आधी डी-डायमर करू या. निगेटिव्ह आला तर सीटी वाचेल.' ही सूचना एरवी चांगली आहे. पण डी-डायमर हा गुठळी विरघळताना रक्तात येणारा अंश आहे, आणि जखम भरतानाही तो येतो. दोन आठवड्यांपूर्वी हाड जोडलेल्या माणसात तो बहुधा वाढलेलाच सापडणार; त्याने ना गुठळी सिद्ध झाली असती ना नाकारता आली असती. शिवाय शक्यता कमी असेल तेव्हाच या चाचणीवर विसंबतात. तिची शक्यता आम्ही वेल्स गुणांनी मोजली: नाडी १०० च्या वर, दीड गुण, गेल्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया, दीड गुण, दुसरं कुठलंही निदान याहून जास्त पटत नाही, तीन गुण. एकूण सहा. चारच्या वर गेलं की थेट सीटी अँजिओ, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्या दाखवणारा सीटी. पायात गुठळीची चिन्हं दिसली तर आणखी तीन गुण मिळतात, पण आमचा पाय प्लास्टरमध्ये झाकलेला होता. न दिसणं आणि नसणं यांत इथे फरक करावा लागतो.

सीटीला तासभर लागणार होता. तोवर वाट पाहायची की रक्त पातळ करणारं इंजेक्शन आधीच द्यायचं? पहिली गुठळी अडकल्यानंतर खरी भीती दुसरीची असते. हेपरिन प्रकारची औषधं असलेली गुठळी विरघळवत नाहीत, ती वाढू देत नाहीत आणि नव्या बनू देत नाहीत. विरघळवायचं काम शरीर सावकाश करतं. दुसऱ्या पारड्यात रक्तस्रावाचा धोका. शस्त्रक्रिया घोट्याची, पंधरा दिवस झालेले, जखम कोरडी. तिथे रक्त साचलं असतं तरी ते दिसलं असतं, दाबता आलं असतं. मेंदूची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया दोन दिवसांपूर्वी झाली असती तर मी असं झटकन इंजेक्शन दिलं नसतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलले असते. इथेही मी अस्थिशल्यविशारदांना फोन केला, ते दोन मिनिटांत 'द्या' म्हणाले.

काय केलं

तीन वाजून ३५ मिनिटांनी हेपरिन प्रकारचं एनॉक्सापरिन ७० मिलिग्रॅम, पोटाच्या त्वचेखाली. सलाईन बंद केलं. ही गोष्ट वाचणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी खास लिहिते आहे: हृदयाचा उजवा कप्पा आधीच फुगलेला असताना त्यात आणखी पाणी भरलं तर तो दोन्ही कप्प्यांमधला पडदा डावीकडे ढकलतो, डावा कप्पा आणखी कमी भरतो, आणि रक्तदाब वाढण्याऐवजी पडू शकतो. तिच्या शरीरात तोवर जवळजवळ अर्धा लिटर गेलं होतं. नाकाने ऑक्सिजन दिला. तिला पलंगावरून उतरू दिलं नाही, सीटीलाही स्ट्रेचरवरूनच नेलं.

सीटीत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीत गुठळी होती, डावीकडे लहान फांद्यांमध्ये आणखी दोन. टूडी एकोत हृदयाचा उजवा कप्पा थोडा मोठा झालेला, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन किंचित वाढलेलं. प्लास्टर उभं कापून उघडलं तेव्हा पोटरी ताठ, गरम आणि दुसऱ्या पायापेक्षा स्पष्ट जाड. डॉपलरमध्ये गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी. 'प्लास्टर आवळतंय' म्हणजे प्लास्टरच्या आत पाय वाढत होता.

तिसरा निर्णय: गुठळी विरघळवायची का

गुठळी थेट विरघळवणारं औषधही असतं. रक्तदाब ९० च्या खाली जाऊन तिथेच राहिला, रुग्ण कोसळला, तर ते जीव वाचवतं. पण त्याने शरीरात कुठेही रक्तस्राव होऊ शकतो, मेंदूतसुद्धा, आणि गेल्या तीन आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल तर हा धोका आणखी वाढतो. तिचा रक्तदाब टिकून होता, पण उजव्या हृदयावर ताण होता. म्हणजे मधली अवस्था: औषध देण्याइतकी वाईट नाही, वॉर्डात पाठवण्याइतकी चांगली नाही.

तिला ४८ तास अतिदक्षता विभागात ठेवलं आणि कागदावर आधीच लिहून ठेवलं की कशाला 'बिघडली' म्हणायचं: रक्तदाब ९० च्या खाली, नाडी पुन्हा १२० च्या वर, किंवा ऑक्सिजनची गरज वाढणं. यातलं काही झालं तर कोणाला उठवायचं, कोणतं औषध किती, आणि गुठळी नळीने काढण्याची सोय कुठे, हे सगळं रात्रीच्या आत ठरलेलं होतं. तशी वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नाडी ९६ वर आली, तिसऱ्या दिवशी ८४.

पुढे काय झालं

तिसऱ्या दिवशी इंजेक्शन थांबवून रक्त पातळ करणाऱ्या अपिक्साबॅनच्या गोळ्या सुरू केल्या: पहिले सात दिवस १० मिलिग्रॅम दोन वेळा, मग ५ मिलिग्रॅम दोन वेळा, एकूण तीन महिने. गुठळीला शस्त्रक्रियेसारखं ठळक आणि सरून जाणारं कारण असलं की सहसा एवढी मुदत पुरते. वेदनाशामक गोळी बदलली, कारण नेहमीच्या दाहशामक गोळ्या आणि रक्त पातळ करणारं औषध एकत्र घेतलं की पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते.

हार्मोनच्या गोळीचा प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. ती एकदम बंद करून रक्त पातळ करणारं औषध चालू ठेवलं तर पाळीत होणारा रक्तस्राव आवरला नसता. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून इस्ट्रोजेन थांबवलं आणि गर्भाशयात बसवायचं, फक्त प्रोजेस्टोजेन हार्मोन असलेलं साधन बसवलं. पहिल्या पाळीत तरीही बरंच रक्त गेलं, हिमोग्लोबिन ९.८ पर्यंत उतरलं, लोहाच्या गोळ्या द्याव्या लागल्या. हा त्रास आम्हाला दिसत होता आणि तिला आधी सांगितलाही होता.

पाचव्या दिवशी ती घरी गेली. तीन महिन्यांनी एको सुधारलेला होता आणि दोन जिने चढताना धाप लागत नव्हती. हे मुद्दाम विचारावं लागतं. तीन महिन्यांनंतरही धाप उरली असती तर गुठळ्या पूर्ण विरघळल्या नाहीत का, हे पाहायला पुढच्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या.

वेगळं काय करता आलं असतं

शस्त्रक्रियेपूर्वी 'आणखी काही औषध चालू आहे का' याऐवजी 'पाळीसाठी किंवा गर्भ राहू नये म्हणून एखादी गोळी चालू आहे का, घरात कोणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का' असं नाव घेऊन विचारलं असतं, तर बहुधा उत्तर मिळालं असतं आणि प्लास्टर असेपर्यंत प्रतिबंधक औषध सुरू झालं असतं. त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. इंजेक्शन चालू असतानाही गुठळ्या झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. म्हणून 'इंजेक्शन चालू आहे, मग हे नसणार' असंही कोणी धरून चालू नये.

प्लास्टर आवळत असल्याची तक्रार अकराव्या दिवशी आली होती. त्या दिवशी प्लास्टर उघडून पोटरी पाहिली असती तर गुठळी पायातच सापडली असती, असं मला वाटतं. खात्रीने सांगता येणार नाही, पण या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त संधी तीच होती.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर टाक्यांची तारीख होती, धापेबद्दल एक ओळही नव्हती. आता आमच्या कागदावर औषधांच्याही आधी हे छापलेलं असतं: 'शस्त्रक्रियेनंतर किंवा अंथरुणाला खिळून असताना अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त पडलं, अंधारी आली, किंवा शांत पडूनही नाडी १०० च्या वर राहिली, तर फोनवर सल्ला घेत थांबू नका. चालू नका. रुग्णवाहिकेने तातडीच्या विभागात या आणि शस्त्रक्रियेची तारीख सगळ्यात आधी सांगा. ऑक्सिजनचा आकडा चांगला असला तरी या.' धोका घरी गेल्यावर संपत नाही. तो पुढचे कित्येक आठवडे राहतो, हेही आम्ही आता तोंडी सांगतो.

आणि माझी ती ४० मिनिटं. हिमोग्लोबिनची वाट पाहायला हरकत नव्हती. पण वाट पाहताना सीटीची मागणी पाठवून ठेवता आली असती, कारण दोन्ही कामं एकमेकांना अडवत नव्हती.

साधारण चौदा महिन्यांनी तिची प्लेट काढायची ठरली. भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे तिने जुन्या फाइलीवर चिकटवलेला मुलीच्या अक्षरातला कागद ठेवला. पहिल्या ओळीत गुठळीची तारीख होती, दुसरीत तेव्हा चालू असलेल्या गोळीचं नाव, आणि तिसरीत प्रश्न: 'या वेळी इंजेक्शन कधीपासून आणि किती दिवस?'